काउंटर-स्ट्राइक १.६ साठी १४४० × १०८० : ताणलेला चार-बाय-तीन पडदा बसवताना

मी अजूनही काउंटर-स्ट्राइक १.६ खेळतो, आणि जिंकायच्या इराद्याने खेळतो. नवा १९२० × १०८० चा १४४ हर्ट्झ मॉनिटर आणल्यावर त्यावर हा खेळ नीट बसवायला मला बराच वेळ द्यावा लागला. गरज होती चार-बाय-तीन आकाराच्या, पडदाभर ताणलेल्या आणि योग्य रिफ्रेश रेटच्या चित्राची. यातलं काहीच आयतं मिळत नाही. ते कसं जुळवलं आणि कुठे काय अडलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण या विषयावर मिळणारा बहुतेक सल्ला नंतरच्या खेळांवरून उचललेला असतो आणि १.६ ला तो लागू पडत नाही.

सर्वात मोठा फरक दृष्टिकोनाचा आहे, म्हणजे खेळात डोळ्यांसमोर किती अंशांचं दृश्य येतं त्याचा. सीएस:जीओसारख्या सोर्स इंजिनाच्या खेळांत उभं दृश्य कायम राहतं आणि पडदा रुंद झाला की बाजूचं दृश्य वाढतं. चार-बाय-तीनवर ९० अंश दिसतात, सोळा-बाय-नऊवर साधारण १०६. त्यामुळे तिथे चार-बाय-तीन घेणारा खेळाडू दोन्ही बाजूंचं थोडं दृश्य गमावतो आणि बदल्यात समोरचा माणूस रुंद करून घेतो. हा सौदा आहे, आणि तो पटला नाही तर रुंद पडद्यावर खेळणंही तितकंच योग्य.

१.६ चं जुनं गोल्डसोर्स इंजिन याच्या उलट वागतं. तिथे आडवे ९० अंश पक्के असतात. पडदा रुंद केला की बाजूला नवीन काही दिसत नाही, उलट वरचं आणि खालचं दृश्य कापलं जातं. चार-बाय-तीनवर उभं दृश्य सुमारे ७३.७ अंशांचं असतं, तर सोळा-बाय-नऊवर ते ५८.७ अंशांवर येतं. म्हणजे वरून साडेसात आणि खालून साडेसात अंश गेले. डस्ट२ वर बोगद्यातून बाहेर पडताना किंवा न्यूकवर शिडीपाशी उभं असताना हे कापलेलं दृश्य लगेच जाणवतं. म्हणून या खेळात चार-बाय-तीन घेताना दृश्यातलं काहीही सोडावं लागत नाही. खेळ बनवला गेला तेव्हाचं पूर्ण दृश्य परत मिळतं, आणि ते पडदाभर ताणलं की प्रत्येक गोष्ट एक तृतीयांश रुंद दिसते. माझ्या मते १.६ सोळा-बाय-नऊवर खेळायला एकही चांगलं कारण नाही.

आता प्रश्न कोणत्या रिझोल्यूशनचा. सवयीने बहुतेक जण १०२४ × ७६८ किंवा १२८० × ९६० घेतात. मी दोन्ही लावून पाहिली आणि दोन्हींत चित्र थोडं धुरकट वाटलं. गणित केल्यावर कारण सापडलं. पडद्यावर १०८० ओळी आहेत. ७६८ ओळी त्यांवर पसरायच्या तर प्रत्येक ओळ १.४ पट मोठी होते, ९६० ओळी १.१२५ पट. पडद्याची एक ओळ अर्धवट उजळता येत नाही, म्हणून दोन शेजारच्या ओळींचा रंग मिसळून मधली ओळ भरली जाते आणि तिथे धार जाते. १.१२५ हे प्रमाण तर विशेष वाईट. काही ओळी जवळपास स्वच्छ राहतात आणि काही मिसळलेल्या येतात, त्यामुळे लांबच्या माणसाचं डोकं कधी स्पष्ट तर कधी पुसट दिसतं.

१४४० × १०८० घेतलं की उभ्या दिशेची ही अडचण मिटते. खेळाची एक ओळ म्हणजे पडद्याची एक ओळ. ताण फक्त आडवा उरतो, १.३३ पट. डोक्याच्या उंचीची रेषा धरून ठेवणं हाच या खेळाचा पाया आहे, आणि ती उंची एका पिक्सेलच्या अचूकतेने दिसते. तोटाही आहे. १.६ मधली आरोग्याची, गोळ्यांची, पैशांची चित्रं ठरावीक पिक्सेलची असतात, रिझोल्यूशन वाढवलं तरी ती मोठी होत नाहीत. त्यामुळे १०२४ च्या मानाने रडार आणि आकडे बरेच लहान दिसतात. ज्याला रडारवर सतत नजर ठेवायची सवय आहे त्याला १०२४ × ७६८ अधिक सोयीचं वाटू शकतं. मी स्पष्टता निवडली.

१४४० × १०८० हे रिझोल्यूशन मॉनिटर स्वतःहून जाहीर करत नाही. मॉनिटर संगणकाला जी माहिती देतो तिला ईडीआयडी म्हणतात. तिच्यात मूळ रिझोल्यूशन असतं, आणि जुन्या काळापासून चालत आलेली एक यादी असते: ६४० × ४८०, ८०० × ६००, १०२४ × ७६८ वगैरे. या जुन्या यादीतली रिझोल्यूशन बहुधा ६० ते ७५ हर्ट्झचीच असतात. सगळ्या घोळाचं मूळ इथेच आहे. खेळ १०२४ × ७६८ मागतो, विंडोजला यादीत ते ६० हर्ट्झवर सापडतं, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर मुकाट्याने ६० वर चालू लागतो. पडदा भरलेला, चित्र ठीक, आणि तरीही वळताना काहीतरी जड वाटतं. अनेक जण याचा दोष माऊसला देतात.

मग किती हर्ट्झ ठेवायचे? इथे १.६ ची आणखी एक खासियत आडवी येते. हे इंजिन साधारणपणे सेकंदाला १०० फ्रेमवर थांबतं. त्यापुढे जायचं तर कन्सोलमध्ये `fps_override 1` द्यावं लागतं, आणि स्पर्धांमध्ये १०० फ्रेमची जुनी मर्यादा पाळायची रीत आहे, कारण या इंजिनात उड्या आणि हालचाल फ्रेमच्या संख्येनुसार थोडी बदलते. आता १०० फ्रेम १४४ हर्ट्झवर दाखवायच्या म्हटलं तर काही फ्रेम पडद्याच्या एका फेरीपुरत्या राहतात आणि काही दोन फेऱ्या. बाजूला सरकताना भिंत एकसारखी न जाता किंचित अडखळत जाते. जुन्या काचेच्या मॉनिटरवर लोक १०० हर्ट्झ आणि १०० फ्रेम अशी जोडी का लावायचे ते मला इथे कळलं. प्रत्येक फेरीला एक नवी फ्रेम, की सरकणं सलग दिसतं. म्हणून मी १४४० × १०८० हे १०० हर्ट्झवर बनवायचं ठरवलं. दोनशे हर्ट्झ झेपणारा मॉनिटर असेल तर २०० आणखी चांगले, कारण तिथे प्रत्येक फ्रेम बरोबर दोन फेऱ्या राहते.

ताणण्याचं काम कोणी करायचं हेही आधी ठरवावं लागतं. ते ग्राफिक्स कार्ड करू शकतं किंवा मॉनिटर. मॉनिटरवर सोपवलं तर त्याला खरोखरच १४४० × १०८० चा सिग्नल जातो, आणि तो स्वीकारणं त्याच्या मर्जीवर असतं. काही मॉनिटर अनोळखी आकार पाहून पडदा काळा करतात, काही बाजूला काळे पट्टे ठेवतात. कार्डवर सोपवलं तर मॉनिटरला नेहमीच १९२० × १०८० जातं आणि त्याला काही कळण्याचा प्रश्नच येत नाही. मी कार्डाची वाट धरली. मात्र तिची एक अट आहे, जी सहज नजरेतून सुटते: १०० हर्ट्झवर खेळायचं तर १९२० × १०८० सुद्धा १०० हर्ट्झवर उपलब्ध हवं, कारण तारेतून शेवटी तेच जाणार आहे.

रिझोल्यूशन घालायला मी Custom Resolution Utility वापरलं, ज्याला सगळे सीआरयू म्हणतात. ते मॉनिटरच्या आत काही लिहीत नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत ईडीआयडीची बदललेली प्रत ठेवतं आणि ड्रायव्हर ती वाचतो. उघडल्यावर आधी वरच्या यादीतून योग्य मॉनिटर निवडला आणि Export दाबून मूळ माहितीची फाइल जपून ठेवली. मग Detailed resolutions मध्ये Add करून १९२० × १०८० ला १०० हर्ट्झ दिले, नंतर दुसऱ्यांदा Add करून १४४० × १०८० ला १०० हर्ट्झ. वेळांच्या मांडणीसाठी CVT-RB निवडलं. यात दोन ओळींमधली आणि दोन फ्रेममधली रिकामी जागा सपाट पडद्यांपुरती कमी केलेली असते.

या रिकाम्या जागेमुळे खरा भार किती पडतो ते एकदा मोजून पाहण्यासारखं आहे. १९२० च्या ओळीत १६० पिक्सेल रिकामे धरून २०८० होतात, आणि १०८० ओळींच्या १०० हर्ट्झला ११३३. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे २३.५७ कोटी पिक्सेल, म्हणजे किंचित खाली आणून २३५.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ आहे, तेव्हा हे आरामात बसतं. १४४ हर्ट्झला हाच आकडा ३४६.५ वर जातो आणि मर्यादा ओलांडतो. जुन्या तारेवर किंवा पोर्टवर १४४ का मिळत नाही याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. जुनी एकेरी डीव्हीआय तर १६५ मेगाहर्ट्झलाच थांबते, तिथे हा १०० हर्ट्झचा बेतही चालणार नाही.

सीआरयूच्या यादीत क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या क्रमांकावर जे असतं तेच मूळ रिझोल्यूशन मानलं जातं. म्हणून मॉनिटरची मूळ नोंद वरच राहू दिली आणि नव्या दोन तिच्याखाली ठेवल्या. १४४० × १०८० वर सरकवलं तर विंडोज त्यालाच पडद्याचा खरा आकार समजेल आणि सगळी ताणाताण चुकेल. OK दाबून `restart64.exe` चालवलं. पडदा काही क्षण काळा होऊन परत आला. तो परत आला नाही तर घाबरायचं नाही: पंधरा सेकंद थांबून F8 दाबलं की सोबतचा प्रोग्रॅम तुमचे बदल तात्पुरते बाजूला ठेवतो, आणि `reset-all.exe` ने सगळं मूळपदावर येतं. संगणक पुन्हा सुरू करूनही चित्र येत नसेल तर सेफ मोडमध्ये जाऊन तीच फाइल चालवायची.

पुढचं काम ड्रायव्हरमध्ये. माझ्याकडे एनव्हिडिया कार्ड आहे, तेव्हा Adjust desktop size and position मध्ये Full-screen निवडलं, Perform scaling on मध्ये GPU ठेवलं, आणि खाली Override the scaling mode set by games and programs ला खूण केली. ही खूण महत्त्वाची, कारण जुना खेळ स्वतःची पसंती सांगून ड्रायव्हरला गप्प करू शकतो. एएमडीमध्ये GPU Scaling चालू करून Scaling Mode ला Full panel द्यायचं, काम तेच.

नवं रिझोल्यूशन थेट खेळात न वापरता आधी विंडोजच्या डेस्कटॉपला लावलं. हा टप्पा कोणीही गाळू नये, असं मी आग्रहाने सांगेन. डेस्कटॉपवर आयकॉन रुंद दिसले आणि बाजूला पट्टे नाहीत, म्हणजे ड्रायव्हरपर्यंत सगळं बरोबर आहे. यानंतर खेळात काही बिघडलं तर शोध खेळातच घ्यायचा. माझ्या बाबतीत तसंच झालं. डेस्कटॉप ताणलेला होता, पण खेळ उघडला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे. स्टीमची आवृत्ती चित्राचं प्रमाण स्वतः राखते, म्हणून पट्टे खेळच काढत होता. सुरुवातीच्या पर्यायांत एक शब्द घालून ते गेले:

```
-w 1440 -h 1080 -freq 100 -stretchaspect
```

खेळाच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये प्रमाण Normal ठेवलं, म्हणजे यादीत चार-बाय-तीनची रिझोल्यूशन येतात.

आता खरी परीक्षा: १०० हर्ट्झ सांगितले, पण मिळतात का? मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतली माहिती पाहणं हा पहिला उपाय. कार्ड ताणत असेल तर तिथे १९२० × १०८० आणि १०० हर्ट्झ दिसायला हवं. १४४० × १०८० दिसलं तर ताणण्याचं काम मॉनिटरकडे गेलं आहे असं समजायचं. पण मेनू उघडेपर्यंत खेळ बाजूला पडण्याची भीती असेल, तर खेळाच्या आतूनच मोजता येतं. त्यासाठी कन्सोलमध्ये काही क्षणांपुरतं हे दिलं:

```
fps_override 1
fps_max 300
gl_vsync 1
net_graph 3
```

व्हीसिंक चालू असताना खेळ पडद्यापेक्षा वेगाने फ्रेम दाखवू शकत नाही, म्हणून कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा हाच रिफ्रेश रेट होतो. तो १०० च्या आसपास स्थिरावला तर काम झालं. ६० दाखवला तर खेळाने जुन्या यादीतली नोंद उचलली आहे. ३०० कडे धावला तर ड्रायव्हरने व्हीसिंक जबरदस्तीने बंद ठेवलं आहे, आधी ते खेळावर सोपवून मग पुन्हा मोजायचं. १०२४ × ७६८ वर हीच चाचणी घेतली तेव्हा मला स्वच्छ ६० दिसले होते, आणि माझी सगळी शंका तिथेच फिटली. त्या रिझोल्यूशनवरच खेळायचं असेल तर सीआरयूच्या Established resolutions मधून १०२४ × ७६८ च्या जुन्या नोंदी काढून टाकायच्या आणि १०० हर्ट्झची नवी घालायची, म्हणजे खेळाला चुकीचं उचलायला काही उरत नाही.

चाचणी झाल्यावर `gl_vsync 0`, `fps_override 0` आणि `fps_max 100` वर परत आलो, कारण व्हीसिंकचा उशीर नेमबाजीत सोसवत नाही. याची एक किंमत आहे ती सांगायला हवी. व्हीसिंक नसताना चित्र एका आडव्या रेषेवर तुटलेलं दिसतं. १४४ हर्ट्झवर ती रेष दर वेळी वेगळ्या जागी येते आणि नजरेला फारशी सापडत नाही. १०० वर मात्र ती हळूहळू सरकते. वरच्या गणितात २३५.५ मेगाहर्ट्झ ही किंचित खाली आणलेली संख्या आहे, त्यामुळे खरा दर ९९.९३ हर्ट्झ पडतो. खेळ बरोबर १०० फ्रेम देत असेल तर ती रेष साधारण पाव मिनिटात पडदाभर फिरून येते, आणि काही क्षण नेमकी मधल्या नेमाच्या खुणेवरून जाते. मला सलग सरकणं जास्त मोलाचं वाटतं, म्हणून मी हे चालवून घेतो. माझ्या संघातल्या एकाला ती रेष अजिबात सहन होत नाही. तो १४४ वरच खेळतो आणि त्याचंही म्हणणं रास्त आहे: पडदा वरून खालपर्यंत रंगवायला १४४ वर सात मिलिसेकंद लागतात, १०० वर दहा.

ताणलेल्या चित्रावर पहिल्यांदा माऊस फिरवला की आडवी गती वाढल्यासारखी वाटते आणि हात लगेच सेन्सिटिव्हिटी कमी करायला जातो. तसं करू नये असं माझं ठाम मत आहे. माझा माऊस ४०० डीपीआयवर आणि सेन्सिटिव्हिटी २ आहे. आडवं वळणं किती व्हावं ते ठरवणाऱ्या `m_yaw` चं मूळ मूल्य ०.०२२ असताना पूर्ण एक वेढा घ्यायला माऊस सुमारे ५२ सेंटीमीटर सरकवावा लागतो, मग चित्र ताणलेलं असो वा नसो. पडद्यावर अंतर एक तृतीयांश वाढलेलं दिसतं, पण शत्रूही तितकाच रुंद झालेला असतो, त्यामुळे त्याच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत जायला हात तेवढाच हलतो. काही जण `m_yaw` ०.०१६५ करून आडवी आणि उभी गती पडद्यावर सारखी करतात. तसं केलं की वेढा ६९ सेंटीमीटरचा होतो आणि मागे वळण्याची वर्षानुवर्षांची सवय मोडते. मी मूळ मूल्य तसंच ठेवलं आणि नजरेला रुळायला वेळ दिला.

ताणण्याने नेमबाजी सोपी होते का, तर वरच्या हिशोबानुसार हाताच्या दृष्टीने काही बदलत नाही. फायदा डोळ्यांचा आहे. लांबच्या कोपऱ्यातून डोकावणारा अर्धा माणूस जास्त पिक्सेल व्यापतो आणि लवकर नजरेत भरतो. उलट, तो आडवा पळताना पडद्यावर जास्त वेगाने पळतो, आणि जवळच्या अंतरावर हे थोडं गोंधळवतं.

हेच रिझोल्यूशन क्वेक ३ ला लावणं अगदी सोपं गेलं. तो खेळही आडवा कोन पक्का धरतो, म्हणून चार-बाय-तीनचा फायदा तिथेही तसाच आहे. शिवाय त्याचे आकडे आणि चिन्हं पडद्यासोबत मोठी होतात, त्यामुळे १.६ मधली लहान रडारची तक्रार तिथे नाही. कन्सोलमध्ये एवढंच दिलं:

```
r_mode -1
r_customwidth 1440
r_customheight 1080
r_displayRefresh 100
vid_restart
```

लॅपटॉपवर मात्र वाट वेगळी असते. संघातल्या एका मुलीच्या लॅपटॉपवर हे बसवताना एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये पडद्याचा भागच दिसेना. दोन कार्डांच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतला पडदा इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेला असतो, एनव्हिडिया फक्त चित्र तयार करून त्याच्याकडे देतं. तिथे ताणण्याची सेटिंग इंटेलच्या प्रोग्रॅममध्ये शोधून पूर्ण पडद्याची निवड केली, आणि १४४० × १०८० डेस्कटॉपवर ताणलेलं आलं. खेळात तिला आधी ६० च मिळत होते. खेळ सुरू करण्याआधी डेस्कटॉपच १४४० × १०८० आणि १०० हर्ट्झवर ठेवला, तेव्हा नेट ग्राफने शंभर दाखवले. ती आता तसंच करते, कारण ड्रायव्हर नव्याने घातला की ताणण्याची निवड पुसली जाऊ शकते, आणि डेस्कटॉपवरचे अरुंद आयकॉन सामना सुरू होण्याआधीच ते सांगून टाकतात.